कळणा, खिचडी आणि किराण्याची यादी

*ताई, नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरात पाच माणसं: मी (वय 34), मिस्टर, सासूबाई, सातवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. मिस्टर जिनिंगमध्ये कामाला जातात, मी घरी शिवणकाम करते. सासूबाईंना शुगर आणि बीपी, दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. माझं हिमोग्लोबिन 9.2 आलं. घर माळकरी, त्यामुळे अंडं-मटण नाही. सकाळी चहासोबत भाकरी नाहीतर चपाती, दुपारी भाकरी, भाजी, ठेचा. संध्याकाळी आठवड्यातून तीन-चार दिवस खिचडी, वरून तेल. रविवारी शेवभाजी. महिन्याला तेल 6 लिटर (140 रुपये लिटर), साखर 6 किलो (44 रुपये), तूरडाळ 2 किलो (130), उडीदडाळ 1 किलो (120), शेव 2 किलो (240), दादर ज्वारी 15 किलो, दूध रोज अर्धा लिटर (50 रुपये लिटर). गहू-तांदूळ रेशनचा. मुलांच्या पुड्या-बिस्किटांना रोज 30 रुपये जातात. एका दवाखान्यात डाएट चार्ट मिळाला, त्यात ओट्स, बदाम, पनीर, सफरचंद. ते आम्हाला कसं परवडणार? यापेक्षा जास्त पैसे निघणार नाहीत. काय करू?*

*— एक वाचक भगिनी*

ताई, तो चार्ट कपाटात ठेवून द्या. तुम्ही भावासकट किराण्याची यादी पाठवली हे फार बरं केलं, कारण मला हवं ते सगळं त्या यादीत आहे. माणसं ताटाबद्दल सांगताना विसरतात, पण महिनाभरात डबा किती रिकामा झाला हे नेमकं सांगता येतं.

आधी तेल. 6 लिटर म्हणजे साधारण साडेपाच किलो. पाच माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज 36 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली ज्या आहारसूचना काढल्या, त्यात 2000 कॅलरीच्या ताटाला 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. शेवेतलं आणि पुड्यांमधलं तेल तुमच्या 36 ग्रॅममध्ये आलेलंच नाही, ते वेगळं. साखरेचं तसंच. 6 किलो म्हणजे माणशी रोज 40 ग्रॅम, आणि ती 25-30 ग्रॅमच्या आत हवी. आता डाळ बघा. दोन्ही मिळून 3 किलो, म्हणजे माणशी रोज फक्त 20 ग्रॅम. त्याच सूचनांमध्ये डाळी-कडधान्यांसाठी 85 ग्रॅम सांगितले आहेत. अंडं-मटण नसलेल्या घरात प्रथिनं मुख्यतः डाळ आणि दुधातूनच यायची, आणि तुमचं दूध सगळं चहात जातं.

म्हणजे तुमच्या घरात अन्न कमी नाही. पोट भाकरी, भात, तेल आणि साखरेने भरतं, आणि डाळीच्या वाट्याला थोडेच पैसे येतात. तुम्ही दिलेल्या भावातच ते इकडून तिकडे फिरवू.

तेल 4 लिटरवर आणलं तर 280 रुपये वाचतात. साखर साडेतीन किलोवर आणली तर 110. शेव 2 किलोऐवजी अर्धा किलो घेतली तर 360. मुलांचे रोजचे 30 रुपये 10 वर आले तर 600. एकूण 1350 रुपये झाले. यातून अख्खे उडीद 2 किलो, म्हणजे 110 च्या भावाने 220 रुपये. मठ, चवळी, हरभरा असं मिळून 2 किलो, 200 रुपये. शेंगदाणे 2 किलो, 260 रुपये. आणि रोज पावशेर दूध जास्त, फक्त दह्यासाठी, 375 रुपये. हे झाले 1055. जे 295 उरतात ते लिंबं, पालेभाजी आणि पेरूसारख्या मोसमातल्या फळाला. उडीद-कडधान्यं-शेंगदाण्यांचे भाव मी अंदाजाने धरले आहेत. तुमच्या दुकानात दहा-वीस रुपये इकडेतिकडे झाले तरी हिशोब मोडत नाही.

डाळी-कडधान्यं आता 7 किलो झाली, म्हणजे माणशी 47 ग्रॅम. 85 अजून लांब आहेत आणि एका महिन्यात तिथे जायचंही नाही. एकदम वाढवली तर पोट फुगतं, घरचे कुरकुर करतात आणि पंधरा दिवसांत सगळं पहिल्यावर येतं. दही आणि शेंगदाणे सोबत असले की 47 ग्रॅमवरसुद्धा ताट बरंच सुधारतं.

ही वाढलेली डाळ रोजच्या रांधण्यात बसवायची कशी, ते सांगते. खानदेशाकडे याचं जुनं उत्तर आहे: ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी. पाहुणे आले की भरितासोबत करायची म्हणून आपण ती बाजूला ठेवून दिली, पण मुळात ती रोजची भाकर. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि उडदात तो भरपूर असतो. उडदात जे कमी पडतं ते ज्वारी पुरवते. दोन्ही एका पिठात आले की एकमेकांची उणीव भरून निघते. नुसत्या ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 10 ग्रॅम प्रथिनं असतात. चार भाग ज्वारी आणि एक भाग उडीद घेतले की ती साडेबाराच्या आसपास जातात, आणि शरीराला वापरता येतील अशी असतात.

तुमच्या 15 किलो दादरातली 8 किलो घ्या आणि त्यात 2 किलो अख्खे उडीद, सालीसकट. निवडून, ऊन देऊन गिरणीत द्या. या 10 किलो पिठाच्या 100 ग्रॅमप्रमाणे शंभरेक भाकरी होतात, म्हणजे महिन्यातल्या वीस दिवसांच्या एका जेवणाला पाचही जणांना एकेक. बाकीचे 7 किलो साधं दादर. सगळं पीठ एकदम दळू नका. पाच-पाच किलो करून दळा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकर थापताना कडेने चिरते. मग ते पीठ जोडायला जास्त गरम पाणी लागतं आणि घरात सगळे म्हणतात, कळणा नको. दोष कळण्याचा नसतो, शिळ्या पिठाचा असतो. ताज्या पिठात उडदाचा चिकटपणा उलट मदत करतो, भाकर सहज थापली जाते.

आणखी एक गोष्ट, जी सासूबाईंसाठी फार महत्त्वाची आहे. कळणा दळताना बरेच जण धान्यातच जाडं मीठ टाकतात. बीपी असलेल्या माणसाच्या घरात ते टाकू नका. भाकरीत मीठ, ठेच्यात मीठ, वर पापड, आणि हे दिसत नाही म्हणून मोजलंही जात नाही. मीठ दिवसाला माणशी 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात ठेचा-लोणचं सगळं आलं. गिरणीवाल्याला आधी सांगा, कारण आपल्याकडे कळणा म्हटला की काही जण सवयीने विचारतात, मीठ टाकायचं का म्हणून.

सासूबाईंना सुरुवातीला उडीद जड वाटले तर त्यांच्यापुरतं आठ भाग ज्वारीला एक भाग करा आणि दोन-तीन आठवड्यांत वाढवा. पण त्याआधी त्यांची क्रिएटिनिनची तपासणी शेवटची कधी झाली ते बघा. शुगर आणि बीपी दोन्ही बऱ्याच वर्षांचे असतील तर मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो, आणि तसं असलं तर डाळ किती हे त्यांचे डॉक्टर ठरवतील, मी नाही. वर्षभरात झाली नसेल तर ही तपासणी आधी करा.

आता खिचडी. संध्याकाळची खिचडी बंद करा असं मी कधीच सांगणार नाही. कामावरून दमून आल्यावर एका भांड्यात होणारं, मुलं न कुरकुरता खातात असं दुसरं काय आहे? पण तिच्यातलं माप बदला. बहुतेक घरांत तीन वाट्या तांदळाला मूठभर तूरडाळ पडते, आणि तशा खिचडीला मी डाळीचा वास लागलेला भात म्हणते. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी डाळ घ्या. पाच माणसांना तेवढं पुरतं. कमी वाटलं तर तांदूळ वाढवू नका, त्यात गंगाफळ, गिलकं किंवा पालक चिरून टाका. एक वाटी म्हणजे दीडशे ग्रॅम डाळ धरली आणि आठवड्यातून तीनदा खिचडी केली, तर महिन्याला दोन किलोच्या आत डाळ लागते. म्हणजे तुमच्या 3 किलोतली एक किलो वरणाला आणि फुणक्यांना उरते. फुणके आठवड्यातून एकदा करा, कढीसोबत. वाफवलेले असल्याने तेल लागत नाही, आणि डाळ पोटात जाते.

वरून घालायचं तेल चमच्याने घाला. पळीने किंवा पिशवी वाकडी करून नको. माणशी एक चहाचा चमचा. शेंगदाण्याच्या तेलाची चव असेल तर एवढ्यात वास येतो, म्हणून खिचडीपुरती लहान बाटली शेंगदाणा तेलाची वेगळी ठेवा आणि 4 लिटरमधूनच ती वजा करा. बाकीच्या तेलासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी एकच सांगते: महिन्याचं तेल एक-एक लिटरच्या चार बाटल्यांत भरून ठेवा आणि प्रत्येक बाटलीवर तारीख लिहा. एक बाटली सात-साडेसात दिवस टिकली पाहिजे. चौथ्या दिवशी अर्ध्याच्या खाली गेली की त्याच दिवशी कळतं, महिनाअखेरीस नाही.

रविवारची शेवभाजी राहू द्या. तिची तर्री कमी करायला मसाला पूर्ण तेलात परतण्याऐवजी तीन चमचे तेल घ्या, आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण खाली लागायला लागलं की चमचा-चमचा पाणी शिंपडत परता. खोबऱ्याचं आणि तिळाचं स्वतःचं तेल सुटतं, लाल तवंग येतोच. अर्धा किलो शेव महिन्याच्या चार रविवारांना पुरते, फक्त ती रस्स्यात वाढायच्या वेळी टाका आणि कोरडी खायला ठेवू नका.

आता तुमच्याबद्दल. 9.2 ही मध्यम स्वरूपाची रक्तक्षयाची पातळी आहे. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं. ही तूट एकट्या आहाराने भरून येणार नाही. खजूर, गूळ, बीट यावर सहा महिने घालवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आकडा अर्ध्यानेसुद्धा वाढलेला नसतो. लोहाच्या गोळ्या हव्यातच, आणि त्या उपकेंद्रात, आशाताईंकडे मोफत मिळतात. किती घ्यायच्या ते प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर सांगतील. जाताना रक्ताचा पूर्ण रिपोर्ट न्या आणि त्यातला एमसीव्ही हा आकडा दाखवा. तो 80 च्या खाली असेल तर बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते. 100 च्या वर असेल तर बी-12 किंवा फॉलिक ॲसिडची शंका येते. दोन्ही कमी असतील तर तो मधेच दिसतो आणि फसवतो. मांस-अंडं नसलेल्या घरात बी-12 फक्त दूध-दह्यातून येतं, म्हणून हे मुद्दाम सांगते. पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. भोक बुजवल्याशिवाय हौद भरत नाही.

गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा-दुधासोबत नको. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नका. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्या, पण सोडू नका. महिन्याने तपासा. साधारण एका ग्रॅमने वाढलं तर गोळी लागू पडते आहे. काहीच हललं नाही तर कारण वेगळं आहे, पुन्हा डॉक्टरांकडे जा. 12 झाल्यावरही लगेच थांबू नका, शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

गोळीचं काम बिघडवणारी आणि ताटातलं लोह वाया घालवणारी गोष्ट म्हणजे सकाळचं चहा-भाकर. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते आतड्यातून रक्तात जात नाही. चहा सोडायचा नाही, फक्त वेगळा करायचा. उठल्यावर सहाला चहा घ्या, साडेसात-आठला भाकर खा, तीही दही आणि शेंगदाण्याच्या चटणीसोबत. दुपारच्या पोकळ्याच्या किंवा मेथीच्या भाजीवर, मठाच्या उसळीवर लिंबू पिळा. चहा तीनवरून दोन वेळा झाला आणि साखर दोन चमच्यांवरून एकावर आली की ती अडीच किलो आपोआप कमी होते. मुलीला चहा देऊ नका. तिची पाळी सुरू झाली असेल तर तिचंही हिमोग्लोबिन तपासा. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती ती खरंच गिळते का तेवढं विचारा.

आणखी एक विचारते, राग मानू नका. तुम्ही जेवता कधी? बहुधा सगळ्यांना वाढून झाल्यावर. तोवर वरणाच्या भांड्यात खाली पाणी राहतं, उसळ संपते आणि तुमच्या वाट्याला भाकर आणि ठेचा येतो. वाढायला बसण्याआधी तुमची उसळीची आणि दह्याची वाटी काढून बाजूला झाकून ठेवा. घरात सगळ्यात कमी हिमोग्लोबिन तुमचं आहे, तेव्हा पहिली वाटी तुमची भरायची. सासूबाईंना तसं स्पष्ट सांगा. त्यांच्या गोळ्यांची वेळ तुम्ही सांभाळता, त्या नक्की समजून घेतील.

त्यांच्या शुगरबद्दल एवढंच: ज्वारीने साखर वाढत नाही हा समज काढून टाका. ज्वारीतही पिठूळ भाग भरपूर आहे आणि तीन मोठ्या भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. त्यांच्या भाकरीचा गोळा एकदा दुकानातल्या काट्यावर तोलून बघा. 60-70 ग्रॅम पिठाची एक भाकर, सोबत मोठी वाटी उसळ आणि भाजी, आणि खाताना उसळ आधी. पण अन्न कमी करायच्या आधी डॉक्टरांना सांगा. त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल तर कमी खाल्ल्याने साखर एकदम खाली जाऊ शकते. एकादशीला हेच होतं: सकाळी गोळी घेतली, दुपारपर्यंत पोटात काही नाही, मग घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. त्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. फराळाला साबुदाण्याऐवजी थोडी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करा. गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल आणि बरीच वर्षं चालू असेल तर त्यांचंही बी-12 तपासायला सांगा, कारण त्या गोळीने ते उतरतं.

मुलाचं मला फार अवघड वाटत नाही. शाळेत दुपारचं जेवण मिळतं, पण मधल्या सुट्टीआधी पुडी खाल्ली तर तो तिथे जेवणार कसा? पुडी बंद म्हटलं तर भांडण होईल, म्हणून दहा रुपये ठेवले आहेत, ते शाळेतून आल्यावर द्या. दप्तरात भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे मूठभर. शेंगदाणे घेताना सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेका, आणि दाणा कडू लागला तर मुलांना थुंकायला शिकवा. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

पहिल्या पंधरवड्यात फक्त तीन गोष्टी करा: कळण्याचं पाच किलो पीठ, खिचडीचं दोनास एक माप आणि सकाळचा चहा वेगळा. तेलाच्या बाटल्या दुसऱ्या पंधरवड्यात. महिना झाला की मला किराण्याची नवी यादी, चार बाटल्यांवरच्या तारखा, तुमचा एमसीव्ही आणि सासूबाईंचं क्रिएटिनिन एवढं लिहून पाठवा. डाळ पुढे किती वाढवायची ते त्यावरून ठरवू.